‘प्रमुख वक्ते’ या ओळीतून काय सिद्ध होतं? प्रोफाइलवर व्याख्यानं आणि वेबिनार लिहिताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांना सल्ला देणारा इंजिनिअर असो, शहापूरचा करसल्लागार असो की खानापूर तालुक्यात उसाबद्दल मार्गदर्शन करणारा कृषी पदवीधर, आजकाल प्रत्येकाच्या प्रोफाइलवर एक यादी हमखास दिसते. इथे व्याख्यान दिलं, त्या वेबिनारला होतो, अमुक परिसंवादात भाग घेतला. कधी दहा ओळी, कधी चाळीस. वाचणाऱ्याला त्या ओळींतून एवढंच हवं असतं, की या माणसाला आपलं काम खरंच कळतं का. आणि बऱ्याच याद्यांतून नेमकं तेच कळत नाही, अगदी तो माणूस आपल्या कामात तरबेज असला तरीही.

याचं कारण साधं आहे. व्याख्यान दिलं एवढ्यानं ज्ञान सिद्ध होत नाही. माईक हातात मिळाला की अर्धा तास बोलणं अनेकांना जमतं. व्याख्यानात पुरावा तयार होतो तो दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण व्याख्यानाच्या आधीचं: कुणीतरी चार नावांचा विचार करून तुमचं नाव निवडलं. दुसरं ठिकाण व्याख्यानाच्या शेवटी: समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याला उत्तर दिलं. म्हणून यादीतली प्रत्येक ओळ दोन प्रश्नांवर तपासायची. ज्यांनी बोलावलं त्यांना या विषयातलं बरंवाईट कळतं का? आणि समोर बसलेल्यांत तुमची चूक पकडू शकेल असं कुणी होतं का?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो. लोक अंतराला भुलतात. पुण्याला बोललो, बंगळूरला बोललो, ऑनलाइन का होईना पण दुबईच्या मंडळापुढे बोललो, हे यादीत वर येतं. बेळगावातच, रोज वाळू आणि वितळलेल्या लोखंडाशी झटणाऱ्या तीस-चाळीस फाउंड्रीवाल्यांपुढे घेतलेलं सत्र खाली कुठेतरी असतं किंवा लिहिलेलंच नसतं. पण विचार करा, कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतीव मालातल्या दोषांवर बोलताना चूक कुठे खपून जाईल? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर खपेल. उद्यमबागेतल्या शॉप फ्लोअरवरच्या माणसांसमोर नाही. तिथे चुकीचा आकडा तोंडातून गेला तर मागच्या रांगेतून लगेच आवाज येतो. तो आवाज येऊ शकत होता आणि तरीही सत्र नीट पार पडलं, हा पुरावा दुबईपेक्षा मोठा आहे.

आता ‘भूमिका’ या गोष्टीकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी गफलत इथे होते. आपल्याकडे कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रमुख वक्ते, सत्कारमूर्ती अशी नावांची मोठी रांग असते. प्रत्येकाला शाल-श्रीफळ मिळतं, प्रत्येकाचा फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात सगळ्यांची नावं येतात. पण विषयाचं ज्ञान या रांगेतल्या एकाच माणसाकडून अपेक्षित असतं, तो म्हणजे वक्ता. प्रमुख पाहुणा प्रतिष्ठेसाठी असतो, उद्घाटक पदासाठी असतो, अध्यक्ष मानासाठी असतो. यात कमीपणा काही नाही, ही मानाचीच कामं आहेत. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून गेल्याची ओळ ‘तज्ज्ञ मार्गदर्शन’ या मथळ्याखाली लिहिली की वाचणारा बाकीच्या ओळींकडेही संशयानं पाहू लागतो. ती हवीच असेल तर ‘सामाजिक सहभाग’ असा वेगळा भाग करून तिथे लिहावी.

वक्त्यांमध्येही फरक असतो. बीजभाषण म्हणजे अख्ख्या परिषदेची दिशा ठरवणारं भाषण, ते सहसा एखाददुसऱ्यालाच मिळतं. निमंत्रित व्याख्यान म्हणजे आयोजकांनी आपणहून बोलावलं. निबंधवाचनात तुम्ही आधी सारांश पाठवलेला असतो, तो कुणीतरी तपासून स्वीकारलेला असतो. इथे निमंत्रण नसलं तरी पारख झालेली असते, म्हणून त्याला कमी लेखू नये. परिसंवादातला वक्ता वेगळा आणि परिसंवाद चालवणारा सूत्रसंचालक वेगळा. सूत्रसंचालकाला विषयाची जाण लागते, पण त्याचं काम इतरांना बोलतं करण्याचं. आणि शेवटी श्रोता. श्रोता हा वक्ता नव्हे, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

ते का, हे समजायला 2020 चा लॉकडाऊन आठवावा लागेल. कॉलेजं बंद होती आणि प्रत्येक विभाग वेबिनार भरवत होता. शेवटी गुगल फॉर्मची लिंक यायची, अभिप्राय भरला की मेलवर रंगीत ई-प्रमाणपत्र. त्यावर ‘यांनी सहभाग घेतला’ असं लिहिलेलं. ऐकणाऱ्यालाही सहभाग आणि बोलणाऱ्यालाही सहभाग. त्या काळातली कितीतरी ई-प्रमाणपत्रं आज लोकांच्या प्रोफाइलवर ‘आंतरराष्ट्रीय वेबिनारमध्ये सहभाग’ या रूपात आहेत. जाणकार वाचक ती ओळ पाहताच ओळखतो, की हा ऐकायला बसला होता.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा सुळसुळाट झाला त्यामागेही ठोस कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधन गुणांचा एक तक्ता आहे. त्यात निमंत्रित व्याख्यान, रिसोर्स पर्सन किंवा निबंधवाचन यासाठी परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 7 गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5, राष्ट्रीय पातळीला 3 आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीला 2 गुण ठेवले आहेत. म्हणजे नावात ‘राष्ट्रीय’च्या जागी ‘आंतरराष्ट्रीय’ आलं की गुण वाढतात. परदेशातला एक वक्ता झूमवर जोडला की पाटी बदलता येते. आयोगालाही हा प्रकार फुगू शकतो याची कल्पना असावी, कारण या आणि धोरणविषयक कागदपत्रांच्या गुणांना मिळून एकूण गुणांच्या 30 टक्क्यांची मर्यादा त्याच नियमावलीत घातलेली आहे. प्राध्यापकाला पदोन्नतीसाठी हे वर्गीकरण लिहावंच लागतं आणि ते त्या अर्जात योग्यच आहे. पण कोल्हापूरच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी तुमचं प्रोफाइल वाचतो तेव्हा त्याच्या हातात हा तक्ता नसतो. त्याला ‘आंतरराष्ट्रीय’ शब्दातून काहीच कळत नाही. कुणी भरवलं होतं, विषय काय होता, हे मात्र कळतं.

परिसंवादाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या ओळी सगळ्यात सहज मिळतात आणि सगळ्यात कमी सांगतात. एका तासाचा परिसंवाद घ्या. पाच वक्ते, एक सूत्रसंचालक. स्वागत आणि परिचयात दहा मिनिटं जातात, शेवटी प्रश्नोत्तरांना दहा. उरली चाळीस. त्यातली पाचेक मिनिटं सूत्रसंचालकाची. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटं, तीही तुकड्या-तुकड्यांत. सात मिनिटांत माणूस एखादाच मुद्दा नीट मांडू शकतो. म्हणून ‘लघुउद्योगांसमोरील आव्हाने या परिसंवादात सहभाग’ एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी तुम्ही मांडलेला तो एकच मुद्दा लिहा: ‘छोट्या फाउंड्रीनं स्वतःची वाळू-चाचणी प्रयोगशाळा कधी सुरू करावी, यावर बोललो.’ आता ओळीला अर्थ आला.

आणि व्हिडिओ असेल तर तासाभराचा अख्खा व्हिडिओ जोडू नका. तुमचं बोलणं जिथे सुरू होतं तिथूनच तो उघडेल अशी लिंक द्या. यूट्यूबच्या लिंकला वेळ जोडता येते, ती सेकंदांत लिहायची. समजा तुम्ही 23 मिनिटं 45 सेकंदांनी बोलायला सुरुवात केली, तर 23 गुणिले 60 अधिक 45, म्हणजे 1425. लिंक अशी होईल:

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=1425
```

`VIDEO_ID` च्या जागी त्या व्हिडिओचा स्वतःचा क्रमांक येतो. वाचणारा टिचकी मारतो आणि थेट तुमच्या आवाजावर पोहोचतो. कामाच्या गडबडीतला माणूस दोन मिनिटं ऐकेल, स्वागतगीतापासून शोधत बसणार नाही.

वेबिनारमध्ये संख्येचा मोह आवरावा. झूमच्या वेबिनारचा अहवाल आयोजकाकडे असतो. त्यात नोंदणी किती झाली आणि प्रत्यक्ष किती जण आले, हे वेगवेगळं दिसतं. नोंदणीचा आकडा नेहमी मोठा असतो आणि पोस्टरवर तोच झळकतो. प्रोफाइलवर आकडा द्यायचाच तर उपस्थितीचा द्या, नाहीतर देऊच नका. त्याच अहवालात पॅनेलिस्ट कोण आणि अटेंडी कोण, हेही वेगळं असतं. कुणाला खरंच शहानिशा करायची असेल तर आयोजकाला एक फोन केला की पाच मिनिटांत कळतं.

एक सावधगिरीची गोष्ट. कधीतरी मेल येतो: ‘आदरणीय तज्ज्ञ, आमच्या जागतिक परिषदेत बीजभाषणासाठी आपणांस निमंत्रण.’ वाचून बरं वाटतं. मग खाली नोंदणी शुल्क. ज्याला सन्मानानं बोलावलं त्याच्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तिथे निवड झालेली नाही, विक्री झालेली आहे. आणखी खुणा असतात. एकाच परिषदेत फाउंड्री, नर्सिंग, नॅनोतंत्रज्ञान आणि योग एकत्र असतात. आयोजक संस्थेचा धड पत्ता सापडत नाही. निमंत्रणात तुमच्या कामाचा एकही नेमका उल्लेख नसतो. अर्थात, शुल्क असलेली प्रत्येक परिषद अशी नसते. नावाजलेल्या व्यावसायिक संस्थांच्या परिषदांतही निबंध वाचणाऱ्यांना नोंदणी शुल्क भरावं लागतं, पण तिथे आधी सारांशाची छाननी होते आणि काही सारांश नाकारलेही जातात. नाकारण्याची शक्यता होती का, हा तिथला खरा प्रश्न. त्याचप्रमाणे एखाद्या कंपनीनं पैसे भरून विकत घेतलेल्या सत्रात तुम्ही बोललात, तर ‘प्रायोजित सत्र’ असं स्वच्छ लिहून टाकावं. नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

आता एक उदाहरण सुरुवातीपासून करून पाहू. माणूस काल्पनिक आहे, पण असं प्रोफाइल बेळगावात कुणाचंही असू शकेल. समजा, फाउंड्रीत बावीस वर्षं काढून आता स्वतंत्रपणे सल्ला देणारा एक इंजिनिअर आहे. त्याचं खरं कसब ग्रीन सँडमध्ये, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांमध्ये आहे. वाळूतला ओलावा थोडा जरी वाढला तरी गरम धातू ओतताना वाफ होते, ती बाहेर पडली नाही की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या राहतात आणि माल रिजेक्ट होतो. हे रिजेक्शन खाली आणणं हे त्याचं काम. त्याचं प्रोफाइल वाचणारा बहुधा पंप किंवा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर असणार.

त्याच्या यादीत सध्या हे आहे: ‘राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्तरावर 25 हून अधिक व्याख्याने.’ त्याखाली इंडस्ट्री 4.0 वरचा आंतरराष्ट्रीय वेबिनार, कोरोनानंतरचे उद्योग हा वेबिनार, एका इंजिनिअरिंग कॉलेजात अतिथी व्याख्यान, एका शाळेत प्रमुख पाहुणे, सेवाभावी क्लबमध्ये ‘यशाचा मंत्र’ या विषयावर भाषण, लघुउद्योगांवरचा परिसंवाद, गावच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष. आणि सगळ्यात खाली, एका ओळीत: ‘फाउंड्री संघटनेत तांत्रिक सत्र.’

आधी दावा ठरवू. या माणसाला सिद्ध काय करायचं आहे? ‘ग्रीन सँड फाउंड्रीतलं रिजेक्शन मी कमी करू शकतो.’ ही एक ओळ कागदावर लिहायची आणि यादीतली प्रत्येक नोंद तिच्यासमोर धरायची. इंडस्ट्री 4.0 च्या वेबिनारला तो श्रोता होता, ती ओळ गेली. कोरोनानंतरच्या उद्योगांवर तो बोलला, पण वाळूबद्दल नाही, तीही गेली. ‘यशाचा मंत्र’ चांगला झाला असेल, पण इथे त्याचा संबंध नाही. प्रमुख पाहुणे आणि स्वागताध्यक्ष या दोन्ही सामाजिक भागात गेल्या. साहित्य संमेलनाची ओळ टाकाऊ आहे असं नाही. येळ्ळूर, कडोली, उचगाव इथली ग्रामीण साहित्य संमेलनं सीमाभागातल्या मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहेत, आणि कन्नड-मराठी अनुवाद करणाऱ्याच्या प्रोफाइलवर तिथल्या परिसंवादातलं भाषण अगदी वरच्या जागी बसेल. मंच तोच, पण दावा बदलला की वजन बदलतं.

उरल्या तीन ओळी. अतिथी व्याख्यान कोणत्या विषयावर होतं, हे त्याला विचारल्यावर कळतं की कास्टिंगमधल्या दोषांवर, आणि त्याच कॉलेजानं त्याला सलग तीन वर्षं बोलावलं होतं. हे त्यानं लिहिलंच नव्हतं! पहिल्यांदा बोलावणं ओळखीनं येऊ शकतं. आपल्याकडे नात्यागोत्यातून, मित्राच्या शब्दावर बोलावणी होतातच. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बोलावतात ते आधीचं ऐकून. पुन्हा आलेलं निमंत्रण ही प्रोफाइलवरची फार बोलकी गोष्ट आहे. नवी ओळ अशी झाली: ‘बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी कास्टिंगमधल्या दोषांवर दोन तासांचं सत्र, 2021, 2022 आणि 2023, तिन्ही वर्षं निमंत्रण.’ प्रत्यक्षात इथे कॉलेजचं पूर्ण नाव येईल.

परिसंवादाची ओळ त्याच्या एका मुद्द्यावर आली, वर सांगितली तशी, व्हिडिओच्या नेमक्या मिनिटाच्या लिंकसह.

आणि तळाशी लपलेली ओळ सगळ्यात वर गेली. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन ही फाउंड्री उद्योगाची देशपातळीवरची संस्था आहे आणि बेळगावात तिची शाखा आहे. अशा संस्थेच्या शाखेत तांत्रिक सत्र घेतलं असेल तर ‘फाउंड्री संघटनेत’ असं मोघम लिहिण्यात फार नुकसान आहे. नवी नोंद साधारण अशी असावी: ‘ग्रीन सँडमधला ओलावा आणि ब्लोहोल. निमंत्रित तांत्रिक सत्र, संस्थेचं व शाखेचं पूर्ण नाव, फेब्रुवारी 2023. श्रोते: फाउंड्रीतले पर्यवेक्षक आणि मालक. दर तासाला ओलाव्याची नोंद ठेवून रिजेक्शनचं कारण कसं शोधायचं, हे एका युनिटच्या आकडेवारीवरून दाखवलं. भाषा मराठी आणि हिंदी. स्लाइड्स जोडल्या आहेत.’

पंचवीसच्या जागी तीन नोंदी राहिल्या. क्वालिटी मॅनेजरनं त्या तीन वाचल्या तर त्याला नेमकं कळतं, की हा माणूस कशाबद्दल बोलतो, कुणासमोर बोलतो आणि कोणत्या पद्धतीनं काम करतो. ‘25 हून अधिक’ हा आकडा हवाच असेल तर तळाशी ‘इतर भाषणांची पूर्ण यादी’ अशी लिंक देता येते. ज्याला हवी तो उघडेल.

स्लाइड जोडण्याआधी एक पाहणी मात्र करायची. कास्टिंगच्या फोटोत ग्राहकाचा लोगो किंवा पॅटर्न नंबर उठलेला असतो, त्यावरून कुणाचा माल रिजेक्ट झाला हे त्या धंद्यातला माणूस झटकन ओळखतो. तो भाग कापायचा किंवा पुसायचा, आणि युनिटची आकडेवारी वापरली असेल तर त्यांची परवानगी घ्यायची. सभागृहात दाखवणं वेगळं, कायमचं इंटरनेटवर ठेवणं वेगळं. सल्लागार दुसऱ्याची गोष्ट उघडी करतो असं दिसलं तर काम मिळायचं ते जाईल.

हे सगळं मांडायचं कुठे? लिंक्डइनवर व्याख्यानांसाठी खास रकाना नाही. काही जण ती ‘एक्स्पीरियन्स’मध्ये नोकरीसारखी टाकतात, त्यामुळे एका तासाचं भाषण दोन वर्षांच्या नोकरीशेजारी बसतं आणि विचित्र दिसतं. माझ्या मते वरचा ‘फीचर्ड’ भाग दोन-तीन निवडक भाषणांच्या लिंकसाठी वापरावा आणि बाकीची ‘प्रोजेक्ट्स’मध्ये किंवा स्वतःच्या वेबसाइटच्या एका पानावर ठेवावीत. संशोधन करणाऱ्यांसाठी झेनोडो ही सोय उपयोगी आहे. तिथे स्लाइड्स विनामूल्य ठेवता येतात आणि त्यांना डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. कॉलेजची वेबसाइट बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही.

वेबसाइट बदलणं ही इथली मोठी अडचण आहे. कार्यक्रमाचं पान वर्षभरात गायब होतं, ई-पेपरची लिंक उघडत नाही, वेबिनारचं रेकॉर्डिंग आयोजकाच्या खात्यात असतं आणि जागा भरली की पुसलं जातं. म्हणून पुरावा गोळा करण्याची वेळ म्हणजे कार्यक्रमाचाच आठवडा. निमंत्रणाचा मेल किंवा पत्र, कार्यक्रमपत्रिका, स्लाइडवरचं शीर्षक वाचता येईल असा एक फोटो आणि रेकॉर्डिंगची प्रत, एवढं मागून ठेवावं. आयोजकाच्या पानाची प्रत `web.archive.org/save` इथे पत्ता टाकून जतन करता येते, आणि ती प्रत त्या तारखेसह राहते.

ज्यांची भाषणं इंटरनेटवर येतच नाहीत त्यांचं काय? निपाणीकडच्या शेतकरी मेळाव्यात उसाच्या खोडव्यावर बोलणाऱ्या माणसाचा ना व्हिडिओ असतो ना वेबसाइट. पण त्याचे श्रोते सगळे ऊस लावणारे, म्हणजे दुसऱ्या प्रश्नावर तो पूर्ण गुणांनी पास. त्यानं निमंत्रणपत्रिकेचा फोटो, तारीख दिसेल असं वर्तमानपत्राचं कात्रण आणि आयोजक सोसायटीचं दोन ओळींचं पत्र ठेवावं. पत्रात ‘यांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले’ एवढंच नको. विषय, तारीख आणि साधारण किती शेतकरी होते, हे असावं.

सीमाभागात नावाचा आणखी एक पेच असतो. निमंत्रणपत्रिका कन्नडमध्ये, पेपरातली बातमी मराठीत, प्रोफाइल इंग्रजीत. एकाच माणसाचं आडनाव तीन लिपींत तीन तऱ्हांनी छापलं जातं, कुठे वडिलांचं नाव येतं, कुठे नुसती आद्याक्षरं. त्यात 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं, त्यामुळे आधीच्या कागदांवर Belgaum आणि नंतरच्यांवर Belagavi. दूरच्या माणसानं तुमचं नाव शोधलं तर अर्धे पुरावे त्याला सापडतच नाहीत. उपाय सोपा आहे. इंग्रजीत नावाचं एकच लेखन ठरवावं आणि आयोजकांना परिचय पाठवताना तेच द्यावं. कन्नड पत्रिका जोडताना खाली एक ओळ मराठीत किंवा इंग्रजीत लिहावी: कार्यक्रम कोणता, तारीख कोणती आणि पत्रिकेत आपलं नाव कितव्या ओळीत आहे. भाषण कोणत्या भाषेत दिलं हेही लिहावं. मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत कामगारांशी बोलू शकणारा प्रशिक्षक हवा असणारे कारखाने या भागात आहेत, आणि त्यांच्यासाठी ती माहिती विषयाइतकीच कामाची असते.

तारीख मात्र कधीही गाळू नये, विशेषतः ज्या विषयांत नियम बदलतात तिथे. जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला. त्या वर्षी दिलेलं जीएसटीवरचं व्याख्यान त्या वेळी महत्त्वाचं होतं, पण नंतर दर आणि रिटर्नची पद्धत इतकी बदलली की ते आजच्या ज्ञानाचा पुरावा म्हणून चालत नाही. तारीख नसेल तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. वाळूतल्या ओलाव्यावरचं व्याख्यान दहा वर्षांनीही उपयोगी असतं. म्हणून करसल्लागारानं ताजी दोन भाषणं वर ठेवावीत, फाउंड्रीवाल्यानं सगळ्यात सखोल असलेलं.

काही व्यवसायांना मात्र यातलं बरंच काही करण्याआधी आपले नियम वाचावे लागतात. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार जाहिरात करायला बंदी आहे. 2008 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायला मुभा मिळाली: नाव, पत्ता, संपर्क, नोंदणीचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाचं क्षेत्र. भाषणांची ठसठशीत यादी या चौकटीत बसत नाही, त्यामुळे वकिलानं ती आपल्या व्यवसायाच्या पानावर टाकण्याआधी जपून पावलं टाकावीत. सनदी लेखापालांवरही 1949 च्या त्यांच्या कायद्यात ग्राहक ओढण्याबद्दल आणि जाहिरातीबद्दल निर्बंध आहेत. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतही स्वतःची जाहिरात हा गैरवर्तनाचा भाग मानला आहे. या तिघांनी ‘मी इथे बोललो, माझ्याकडे या’ असा सूर येईल असं काही लिहू नये. विषय, संस्था आणि तारीख एवढी कोरडी नोंद, तीही शिक्षण आणि अध्यापनाचा भाग म्हणून, आणि शंका असेल तर आधी आपल्या संस्थेच्या स्थानिक शाखेत विचारून मगच.